पोप कोणी निवडायचा?

८ जून १२७० या तारखेचं एक पत्र इतिहासकारांना चांगलं परिचयाचं आहे. ते इटलीतल्या व्हितेर्बो शहरातून कार्डिनलांनी लिहिलं असून खाली त्यांच्या मोहरा आहेत. पत्राचा विषय अगदी साधा आहे. ओस्तियाचा बिशप हेन्री हा त्यांचा एक सहकारी आजारी पडला आहे, त्याला वाड्याबाहेर जाऊ द्यावं, अशी नगराधिकाऱ्यांना केलेली विनंती. हा हेन्री त्या काळातला नामांकित धर्मकायदेपंडित होता. नजर अडते ती मात्र पत्राच्या ठिकाणावर. हे पत्र 'छप्पर उतरवलेल्या वाड्यात' लिहिलं, असं त्यात नोंदवलं आहे.

छप्पर पडलं नव्हतं, गावकऱ्यांनी ते मुद्दाम उतरवलं होतं. पोप क्लेमेंट चौथा नोव्हेंबर १२६८ मध्ये व्हितेर्बोतच वारला, तेव्हापासून हे कार्डिनल नवा पोप निवडू शकले नव्हते. दीड वर्ष उलटून गेलं होतं आणि अजून सव्वा वर्ष जायचं होतं.

या पत्रापर्यंतचा रस्ता हजारएक वर्षांचा आहे. आज आपण टीव्हीवर पांढरा धूर पाहतो तेव्हा बंद दाराआड मोजक्या लोकांनी मतदान करण्याची ही रीत ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी असावी, असं वाटतं. प्रत्यक्षात सुरुवात याच्या नेमकी उलट होती. तेव्हा दारं उघडी होती, मतपत्रिका नव्हत्या आणि मोजणी तर नव्हतीच.

पोप म्हणजे मुळात रोम शहराचा बिशप. पहिल्या काही शतकांत कोणत्याही शहराचा बिशप निवडला जाई, तशीच याचीही निवड होई. शहरातले धर्मगुरू आणि सामान्य श्रद्धाळू एकत्र जमत, नाव पुढे येई, लोक जयघोष करत आणि शेजारच्या शहरांतले बिशप येऊन दीक्षा देत. चर्चचा आद्य इतिहासकार युसेबियस याने इसवी सन २३६ ची एक हकिकत सांगितली आहे. बिशप निवडायला लोक जमले होते, मोठमोठी नावं चर्चेत होती. फेबियन नावाचा एक गृहस्थ त्याच सुमारास गावाकडून रोमला आला होता आणि त्याचं नाव कोणाच्या मनातही नव्हतं. तेवढ्यात एक कबुतर उडत येऊन त्याच्या डोक्यावर बसलं. लोकांनी तो पवित्र आत्म्याचा कौल मानला, 'हाच लायक' असं सारे एकमुखाने ओरडले आणि फेबियनला तिथल्या तिथे बिशपच्या आसनावर बसवलं.

कबुतराचं खरंखोटं बाजूला ठेवू. पण अशी गोष्ट लोकांना पटत होती, यावरून त्या पद्धतीचा पाया कळतो. निवड माणसं करत नाहीत, देव करतो आणि देवाची इच्छा एकमतातून प्रकट होते, अशी श्रद्धा होती. जिथे एकमत गृहीत आहे, तिथे मतं मोजायची सोय कोण कशाला करेल? अडचण उभी राही ती दोन टोळकी दोन नावांचा जयघोष करू लागली की. मग खरा घोष कोणता, हे ठरवायला गळ्याच्या आणि मनगटाच्या जोराशिवाय काही साधन नव्हतं. ३६६ साली नेमकं हेच झालं. दमासस आणि उर्सिनस या दोघांच्या समर्थकांमध्ये रोममध्ये लढाई जुंपली. एका चर्चमध्ये एकाच दिवसात १३७ प्रेतं सापडली, असं अमियानस मार्सेलिनस या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता, त्यामुळे त्याच्या लिहिण्यात थोडी खोच आहे. पण इतक्या चैनीचं पद मिळवायला लोक भांडणारच, ही त्याची टिप्पणी अगदीच गैरलागू नव्हती.

पुढच्या काळात हा गोंधळ मिटवायला बाहेरचे मध्यस्थ आले आणि आले ते जायला तयार होईनात. कधी रोमन सम्राट, कधी ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक, मग कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट, नंतर जर्मन सम्राट. सम्राट दूर असला की रोमच्या आसपासची सरदार घराणी पुढे सरसावत. ७६७ साली एका सरदाराने आपल्या भावाला, जो साधा संसारी माणूस होता, काही दिवसांत भराभर दीक्षा देववून पोप केलं. वर्षभरात त्याला खाली खेचून त्याचे डोळे फोडण्यात आले. त्यानंतर ७६९ मध्ये धर्मसभेने नियम केला की पोप फक्त रोमच्या वरिष्ठ धर्मगुरूंमधून निवडावा आणि सामान्य लोकांनी मत देऊ नये, फक्त झालेल्या निवडीला मान तुकवावी. म्हणजे गर्दीला दाराबाहेर ठेवण्याची कल्पना तेव्हाच सुचली होती. पण ती अमलात आणायला ताकद कोणाकडेच नव्हती. दहाव्या शतकात रोमच्या घराण्यांनी पोपपद आपल्या जहागिरीसारखं वापरलं आणि १०४६ साली जर्मन सम्राट तिसरा हेन्री याने स्वतः येऊन एकमेकांवर दावा सांगणारे पोप दूर करून आपल्या पसंतीचा माणूस बसवला.

हा हेन्री १०५६ मध्ये वारला. गादीवर आलेला मुलगा सहा वर्षांचाही नव्हता. वचक ठेवणारा सम्राट नाही, हे पाहून रोमचे सरदार पुन्हा सरसावले.

मार्च १०५८ मध्ये पोप स्टीफन फ्लॉरेन्समध्ये वारला. आपला विश्वासू हिल्डेब्रांड जर्मनीहून परत येईपर्यंत नवी निवड करू नका, असं तो जाण्यापूर्वी बजावून गेला होता. सरदारांनी ते ऐकलं नाही. आठवडाभरात हत्यारबंद माणसांच्या आणि वाटलेल्या पैशांच्या बळावर त्यांनी व्हेलेत्रीच्या बिशपला 'दहावा बेनेडिक्ट' म्हणून बसवलं. रीतीप्रमाणे पोपला दीक्षा देण्याचा मान ओस्तियाच्या बिशपचा. तेव्हा त्या पदावर पीटर डेमियन हा कडक शिस्तीचा सुधारक होता. त्याने साफ नकार दिला आणि बाकीच्या सुधारक कार्डिनलांबरोबर रोम सोडलं. मग ओस्तियाच्याच एका साध्या धर्मगुरूला धरून आणून त्याच्याकडून विधी उरकून घेण्यात आला. इकडे बाहेर पडलेले कार्डिनल सिएना शहरात जमले आणि फ्लॉरेन्सच्या बिशपला त्यांनी दुसरा निकोलस म्हणून पोप निवडलं. जानेवारी १०५९ मध्ये तो रोममध्ये गादीवर आला.

आता निकोलसच्या बाजूने कायद्याचा प्रश्न अवघड होता. बेनेडिक्टची निवड निदान रोममध्ये, रोमच्या लोकांच्या घोषात झाली होती. निकोलसची निवड परगावी झाली, तीही मूठभर लोकांकडून. जुन्या रीतीने पाहिलं तर बेनेडिक्टचीच बाजू वरचढ दिसली असती. म्हणून एप्रिल १०५९ मध्ये लॅटरन राजवाड्यात भरलेल्या धर्मसभेत निकोलसने जो हुकूम काढला, त्यात आपल्याच निवडीचा घटनाक्रम जवळपास कायदा म्हणून लिहून काढला. पोप वारल्यावर आधी कार्डिनल-बिशपांनी विचारविनिमय करावा. मग त्यांनी इतर कार्डिनलांना सामील करून घ्यावं. उरलेले धर्मगुरू आणि जनता यांनी नंतर संमती द्यावी. रोममध्ये निर्मळ निवड शक्य नसेल तर ती बाहेर कुठेही करता येईल. रोममध्ये लायक माणूस नसेल तर बाहेरचा चालेल. सम्राटाचा मान राखावा, असंही एक वाक्य होतं, पण ते इतकं मोघम की त्यातून काहीही अर्थ काढावा. सम्राटाच्या बाजूच्या लोकांनी पुढे या हुकमाची आपल्याला सोयीची एक फिरवलेली प्रतच प्रसारात आणली. कायदा महत्त्वाचा ठरला आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता!

इथे कार्डिनल म्हणजे कोण, हे सांगायला हवं. आज आपल्या डोळ्यांसमोर जगभरातले लाल झग्यातले आर्चबिशप येतात. अकराव्या शतकात हे सगळे रोमचेच सेवक होते. रोमभोवतालच्या ओस्तिया, पोर्तो, अल्बानो अशा सात छोट्या गावांचे बिशप, रोममधल्या ठराविक जुन्या चर्चचे मुख्य धर्मगुरू आणि शहरातले डीकन. पहिल्या गटाचे ते कार्डिनल-बिशप, दुसऱ्याचे कार्डिनल-प्रीस्ट, तिसऱ्याचे कार्डिनल-डीकन. म्हणजे १०५९ च्या हुकमाने निवड रोमच्या हातून काढून घेतली नाही. फक्त 'रोम' या शब्दात कोण कोण येतं, ते वर्तुळ खूपच लहान केलं.

कायदा झाला म्हणून सवय लगेच सुटली नाही. १०७३ मध्ये पोप दुसऱ्या अलेक्झांडरच्या अंत्यविधीलाच जमावाने हिल्डेब्रांडच्या नावाचा घोष सुरू केला, त्याला उचलून एका चर्चमध्ये नेलं आणि तिथेच तो सातवा ग्रेगरी झाला. १०५९ च्या सुधारकांतला हा अग्रणी, आणि त्याचीच निवड जुन्या पद्धतीने! सम्राट चौथ्या हेन्रीशी त्याचं बिनसलं तेव्हा विरोधकांनी हा मुद्दा त्याच्या तोंडावर फेकला.

पण या हुकमातलं मोठं भोक वेगळंच होतं. कार्डिनलांमध्येच फूट पडली तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. १०५९ च्या माणसांच्या डोक्यातही अजून ते जुनं एकमतच होतं.

ही फूट फेब्रुवारी ११३० मध्ये पडली. पोप दुसरा होनोरियस मरणासन्न असताना कार्डिनलांनी आठ जणांची समिती नेमून निवड तिच्यावर सोपवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात पोपने प्राण सोडताच त्याला घाईघाईने पुरून एका लहान गटाने पहाटेच दुसऱ्या इनोसंटला पोप केलं. काही तासांनी हे उरलेल्यांना कळलं तेव्हा त्यांनी, आणि संख्येने ते जास्त होते, दुसऱ्या अॅनाक्लेटसला निवडलं. एकाच दिवशी दोन पोप. अॅनाक्लेटसचे लोक म्हणत, आमची संख्या जास्त. इनोसंटचे लोक म्हणत, आमची निवड आधी झाली, शिवाय कार्डिनल-बिशपांपैकी बहुतेक आमच्याकडे आहेत आणि मुख्य म्हणजे आमची बाजू 'अधिक शहाणी' आहे.

हा शेवटचा मुद्दा आज हास्यास्पद वाटेल, पण मध्ययुगीन कायद्यात तो पूर्ण मान्य होता. मतं मोजायची नसतात, तोलायची असतात. थोर, विद्वान, सचोटीच्या माणसांची मतं थोडी असली तरी ती जड. एखाद्या मठात महंत निवडताना असा वाद झाला तर वरचा बिशप येऊन कोणाची बाजू शहाणी ते ठरवी. पोपच्या बाबतीत हे ठरवणार कोण? ११३० मध्ये ते अखेर क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याच्या वक्तृत्वाने आणि त्याच्या प्रभावाखालच्या राजांनी ठरवलं. संख्येने कमी असलेला इनोसंट खरा पोप ठरला आणि तंटा मिटला तो ११३८ मध्ये अॅनाक्लेटस वारल्यावर.

पुढची फूट याहून वाईट होती. सप्टेंबर ११५९ मध्ये सेंट पीटर्स चर्चमध्ये बहुसंख्य कार्डिनलांनी रोलांदोला, म्हणजे तिसऱ्या अलेक्झांडरला निवडलं. मोजक्या काहींचा उमेदवार होता कार्डिनल ऑक्टेव्हियन. अलेक्झांडरच्या बाजूने लिहिलेल्या वृत्तांतात पुढचा प्रसंग आहे. पोपपदाचा लाल झगा अलेक्झांडरच्या खांद्यावर चढत असतानाच ऑक्टेव्हियनने तो हिसकला. तिथे असलेल्या एका रोमन सिनेटरने तो त्याच्या हातून ओढून घेतला. पण ऑक्टेव्हियनच्या माणसाने दुसरा झगा तयारच ठेवला होता. घाईघाईत तो उलटा अंगावर आला, मागची बाजू पुढे, आणि लोक हसू लागले. तेवढ्यात दारं उघडून त्याची हत्यारबंद माणसं आत शिरली. वृत्तांत एकतर्फी आहे हे खरं. पण ऑक्टेव्हियन 'चौथा व्हिक्टर' म्हणून पोप झाला, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने त्याला उचलून धरलं आणि अठरा वर्षं युरोप दोन पोपांत विभागला गेला, याबद्दल वाद नाही. व्हिक्टर वारल्यावर सम्राटाने त्याच्या जागी आणखी दोन प्रतिपोप चालवले. ११७७ मध्ये व्हेनिसला तह झाला तेव्हा कुठे अलेक्झांडर एकटा उरला.

मार्च ११७९ मध्ये त्याने लॅटरनला मोठी धर्मसभा भरवली आणि तिच्या पहिल्याच कलमात हा प्रश्न सोडवला. कार्डिनलांत एकमत होत नसेल तर ज्याला दोन तृतीयांश मतं मिळतील तो पोप. कमी मतांवर जो स्वतःला पोप म्हणवेल तो आणि त्याला मानणारे धर्मबहिष्कृत. सगळ्या कार्डिनलांचं मत सारखं. कार्डिनल-बिशपांचा अग्रहक्क गेला. धर्मगुरू आणि जनता यांच्या संमतीचा उल्लेखसुद्धा नाही.

या कलमाच्या शेवटी दिलेलं कारण मला फार हुशारीचं वाटतं. इतर चर्चमध्ये जुनी रीत, म्हणजे मोठ्या आणि शहाण्या बाजूचा विचार, चालू राहील, कारण तिथे शंका आली तर वरिष्ठांकडे दाद मागता येते. रोमच्या चर्चला वरिष्ठच नाही, म्हणून तिथे वेगळा नियम हवा. वर कोणी न्यायाधीश नसेल तर निकाल आकड्यातूनच यायला हवा आणि तो आकडा असा हवा की हरलेल्यांना 'आम्ही शहाणे' म्हणायची सोय राहू नये. साध्या बहुमतात एखाददुसरं मत फुटलं की चित्र पालटतं. दोन तृतीयांश जमवायचे तर विरोधी गटातले काही लोक वळवावेच लागतात आणि एकदा वळलेले पुन्हा बंड करायला सहसा उभे राहत नाहीत. पुढची दोनशे वर्षं, १३७८ पर्यंत, कार्डिनलांच्या दुहेरी निवडीतून मोठी फूट पडली नाही, ही या नियमाची कमाई.

पण एक रोग बरा करणाऱ्या औषधाने दुसरा निर्माण केला. दोन तृतीयांश मिळेपर्यंत पोपच नाही. आणि एक तृतीयांशहून थोडे जास्त लोक हटून बसले तर ते मिळणारच नाहीत.

तेराव्या शतकात कार्डिनल थोडे असत, कधी दहा, कधी वीस. त्यामुळे पाच-सात जणांचा गट सगळं अडवू शके. १२४१ मध्ये रोमचा सत्ताधीश मातेओ ओर्सिनी याने हाताशी असलेल्या दहा कार्डिनलांना उन्हाळ्यात एका पडीक प्राचीन इमारतीत कोंडलं. एक जण आतच मेला, निवडलेला चौथा सेलेस्टाइन सतरा दिवसांत गेला आणि सुटलेले कार्डिनल रोममधून पळाले ते पुन्हा असं सापडायचं नाही म्हणूनच. पुढच्या पोपला जवळपास पावणेदोन वर्षं लागली.

आता पुन्हा व्हितेर्बो. क्लेमेंट चौथा फ्रेंच होता आणि त्याने फ्रेंच राजपुत्र शार्ल द आंजू याला सिसिलीचं राज्य मिळवून दिलं होतं. सम्राट घराण्याचा शेवटचा वारस, पोरवयाचा कॉनराडिन, याचं शार्लने नेपल्समध्ये डोकं उडवलं, त्याला जेमतेम महिना झाला होता. आता कार्डिनलांत एक गट शार्लला अनुकूल, दुसरा त्याच्या वाढत्या ताकदीला बिचकलेला. कोणाकडेही दोन तृतीयांश नाहीत. शार्लला घाई नव्हती, कारण पोपची गादी रिकामी असली की इटलीत त्याला टोकणारं कोणी नसे. कार्डिनलांनाही घाई नव्हती. रोज चर्चमध्ये जमायचं, चर्चा करायची, संध्याकाळी आपापल्या मुक्कामी परतायचं. चर्चचं उत्पन्न त्यांना मिळतच होतं.

घाई होती ती गावाला. इतक्या बड्या लोकांचा आणि त्यांच्या लवाजम्याचा खर्च, महागाई, भांडणं यांनी व्हितेर्बो मेटाकुटीला आलं. नगरप्रमुखांनी आधी सगळ्यांना बिशपच्या वाड्यात आणून कोंडलं. मग जेवण कमी केलं. मग छप्पर उतरवलं. पवित्र आत्म्याला आत यायला जागा हवी, म्हणून छप्पर काढा, असा टोमणा कार्डिनलांपैकीच एका इंग्रजाने मारल्याचं सांगतात. उघड्या दालनात कार्डिनलांनी तंबू ठोकले. जमिनीतली भोकं त्या तंबूंच्या खांबांची, असं आजही तिथे दाखवतात.

एवढं करूनही ते बधले नाहीत. मार्च १२७१ मध्ये फ्रान्सचा नवा राजा आणि शार्ल स्वतः व्हितेर्बोत आले. त्याच दिवसांत तिथल्या चर्चमध्ये, प्रार्थना चालू असताना, इंग्लंडच्या राजाच्या पुतण्याचा जुन्या वैरातून खून झाला. पोपची निवड करायला बसलेल्यांच्या दाराशी ही गोष्ट घडली. तरी सप्टेंबर उजाडला. अखेर १ सप्टेंबर १२७१ रोजी कार्डिनलांनी निर्णय आपल्यातल्या सहा जणांवर सोपवला आणि त्या सहांनी कार्डिनलही नसलेला माणूस निवडला. त्याचं नाव तेओबाल्दो व्हिस्कोंती, लिएजचा आर्चडीकन. अजून त्याची धर्मगुरूची दीक्षासुद्धा झालेली नव्हती आणि निवडीच्या वेळी तो धर्मयुद्धाच्या निमित्ताने पॅलेस्टाइनमध्ये होता. दोन्ही गटांच्या भांडणात तो नव्हता, हीच त्याची पात्रता. मधल्या काळात तीन कार्डिनल वारले होते.

या रिकाम्या गादीची झळ लागलेलं एक कुटुंब आपल्याला अनपेक्षितपणे ओळखीचं आहे. कुब्लाई खानाने पोपसाठी दिलेला निरोप घेऊन निकोलो आणि माफेओ पोलो हे दोघे भाऊ १२६९ मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पोचले, तर पोपच वारलेला. ते व्हेनिसला जाऊन वाट पाहत बसले. शेवटी कंटाळून निकोलोच्या मार्को या मुलाला बरोबर घेऊन पुन्हा निघाले आणि वाटेत त्यांना कळलं की त्यांच्या ओळखीचा तेओबाल्दोच पोप झाला आहे. खानासाठी पत्रं त्यानेच दिली. निवड वेळेवर झाली असती तर मार्को कदाचित घरीच राहिला असता आणि त्याच्या प्रवासवर्णनातलं आपल्या ठाण्याचं वर्णनही लिहिलं गेलं नसतं.

तेओबाल्दो १२७२ मध्ये दहावा ग्रेगरी म्हणून गादीवर आला. व्हितेर्बोच्या गावकऱ्यांनी रागाच्या भरात जे केलं होतं, त्याचा त्याने कायदा केला. १२७४ मध्ये लिओंच्या धर्मसभेत मांडलेले नियम असे. पोप जिथे वारेल त्या शहरात दहा दिवस बाहेरगावच्या कार्डिनलांची वाट पाहावी. मग सगळ्यांनी त्याच वाड्यात एका दालनात राहावं, मध्ये भिंत नाही, पडदा नाही. प्रत्येकाबरोबर एकच नोकर. दार बाहेरून बंद. आत कोणी जायचं नाही, निरोप पाठवायचा नाही. जेवणासाठी एक खिडकी, पण तिच्यातून माणूस शिरता येणार नाही एवढीच. तीन दिवसांत निवड झाली नाही तर पुढचे पाच दिवस दुपारी आणि रात्री एकेकच पदार्थ. त्यानंतरही नाही झाली तर फक्त पाव, पाणी आणि वाइन. निवडीच्या काळात पोपच्या खजिन्यातून कार्डिनलांना एक पैही नाही. आणि या सगळ्याची अंमलबजावणी कार्डिनलांनी नाही, तर त्या शहराच्या अधिकाऱ्यांनी शपथ घेऊन करायची.

कार्डिनलांना हे आवडणं शक्यच नव्हतं. त्यांनी एकजुटीने विरोध केला. ग्रेगरीने मग सभेला आलेल्या बिशपांना वेगवेगळं गाठून मसुद्यावर त्यांच्या मोहरा घेतल्या आणि कार्डिनलांना एकटं पाडलं.

जानेवारी १२७६ मध्ये ग्रेगरी अरेझ्झोत वारला. दहा दिवस थांबून कार्डिनल आत गेले आणि पहिल्याच दिवशी पोप निवडून बाहेर आले. पण त्याच वर्षी आणखी दोन निवडी झाल्या. उन्हाळ्यातल्या निवडीत शार्लने नियमांची अशी कडक अंमलबजावणी केली की नवा पोप पाचवा एड्रियन याने पहिलं काम केलं ते हा कायदा स्थगित करण्याचं. तो महिनाभरातच वारला. त्याच्यानंतरच्या पोपने कायदा रद्दच करून टाकला. परिणाम वाट पाहत होता. पुढच्या निवडीला सहा महिने लागले. १२८७-८८ मध्ये दहा महिने लागले आणि रोमच्या हिवतापाने सहा कार्डिनल नेले. १२९२ मध्ये चौथा निकोलस वारल्यावर गादी सत्तावीस महिने रिकामी राहिली. शेवटी थकलेल्या कार्डिनलांनी डोंगरात राहणाऱ्या एका वृद्ध संन्याशाला, पिएत्रो दा मोरोनेला, पोप केलं.

हा पाचवा सेलेस्टाइन कारभाराला अगदीच कच्चा होता. पाच महिन्यांत त्याने राजीनामा दिला. पण जाण्यापूर्वी त्याने एक पक्कं काम केलं, ग्रेगरीचा कायदा पुन्हा लागू केला. त्याच्या राजीनाम्यानंतर दहा दिवसांनी, २३ डिसेंबर १२९४ रोजी, कार्डिनल नेपल्सच्या किल्ल्यात बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी आठवा बोनिफेस निवडला गेला. बोनिफेसने १२९८ मध्ये हा नियम धर्मकायद्याच्या अधिकृत संग्रहात घातला. तेव्हापासून कॉन्क्लेव्ह कायम राहिली.

गर्दी मात्र पूर्ण गेली नाही. १३७८ मध्ये रोमच्या जमावाने बाहेरून दारं ठोठावत 'रोमन पाहिजे, निदान इटालियन तरी' असा धोशा लावला. आतल्यांनी निवडलेल्या पोपला काही महिन्यांनी त्याच कार्डिनलांनी नाकारलं आणि चाळीस वर्षांची फूट सुरू झाली. कुलूप आतल्यांना बाहेर जाऊ देत नव्हतं, पण बाहेरचा दबाव थोपवत नव्हतं. त्यातला एक दबाव तर विसाव्या शतकापर्यंत टिकला. १९०३ मध्ये क्राकोच्या कार्डिनलने ऑस्ट्रियाच्या सम्राटातर्फे उभं राहून एका आघाडीच्या उमेदवाराला नकाराधिकाराने अडवलं. त्या निवडीत पोप झालेल्या दहाव्या पायसने पुढच्याच वर्षी, असा निरोप आत आणणाऱ्यावर धर्मबहिष्कार, असा नियम करून ते दार बंद केलं.

मतदान आतल्या आत गुप्त होण्यालाही वेळ लागला. सोळाव्या शतकात कार्डिनल मतपत्रिका बाजूला ठेवून अचानक एखाद्याभोवती जमत, त्याच्यापुढे गुडघे टेकत आणि मागे राहिलेल्याला सगळ्यांसमोर आपण विरोधक ठरू, या भीतीने तोही टेके. जुना जयघोषच हा, बंद खोलीतला. १६२१-२२ मध्ये पंधराव्या ग्रेगरीने घडी घातलेल्या, लाखेने बंद केलेल्या चिठ्ठ्यांचं गुप्त मतदान हाच मुख्य मार्ग ठरवला. तरीही सर्वांनी एकमुखाने नाव घेऊन निवडण्याची सोय कागदावर राहिली, ती १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने काढून टाकली. व्हितेर्बोत कामी आलेली समितीची सोयही त्याच वेळी गेली.

जॉन पॉलच्या त्याच नियमावलीत एक घसरण होती. तीसेक फेऱ्यांनंतरही पेच सुटला नाही तर साध्या बहुमताने पोप निवडण्याची मुभा कार्डिनलांना दिली होती. म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त लोक ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तडजोड न करता नुसतं वाट पाहावी, की झालं. २००७ मध्ये सोळाव्या बेनेडिक्टने ते काढून पुन्हा दोन तृतीयांशच ठेवले. पेच लांबलाच तर पुढच्या दोघांमध्ये निवड, पण तिथेही दोन तृतीयांशच. आठशे वर्षांपूर्वी तिसऱ्या अलेक्झांडरने केलेला हिशेब अजून खरा होता.

मे २०२५ मध्ये सिस्टिन चॅपेलमध्ये १३३ कार्डिनल बसले, त्यांना ८९ मतं लागत होती, चौथ्या फेरीत ती जमली आणि चौदावा लिओ पोप झाला. त्या मतदारांत गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव होते. गोव्याच्या माणसाला रोमच्या बिशपसाठी मत देण्याचा हक्क कुठून आला? उत्तर १०५९ मध्येच आहे. मतदार रोमचा धर्मगुरू असावा ही कल्पना आजही टिकून आहे. म्हणून जवळपास प्रत्येक नव्या कार्डिनलला रोमचं, नाहीतर रोमच्या आसपासचं एखादं चर्च नावापुरतं नेमून दिलं जातं. फेर्रांव यांना दिलेलं चर्च आहे सांता मारिया इन व्हिया. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांच्याकडेही असं एक रोमन चर्च आहे आणि २०१३ मध्ये त्यांनी मतदान केलं होतं. २०२५ मध्ये मात्र त्यांना आत जाता आलं नाही. ऐंशी वर्षं पूर्ण झालेल्यांना मत नाही, हा सहाव्या पॉलने १९७० मध्ये केलेला नियम. वय मोजतात ते गादी रिकामी झाल्याच्या दिवशीचं. ग्रेशियस २४ डिसेंबर २०२४ रोजी ऐंशीचे झाले आणि पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले.